व्यस्त काढला, पण पडताळ्यात १ येत नाही: बहुपदींच्या विस्तारित युक्लिडमध्ये चूक कुठे शोधायची

क्रिप्टोग्राफीच्या वर्गात सांत फील्डचा धडा आला की दोन-तीन दिवसांत कोणीतरी वही घेऊन येतंच. "सर, पायऱ्या तीनदा तपासल्या. भागाकार बरोबर आहेत, बाक्या बरोबर आहेत. पण व्यस्ताला मूळ बहुपदीने गुणलं की १ येत नाही, ३ येतोय." प्रोग्राम लिहिणाऱ्यांची तक्रार थोडी वेगळी असते: "कोड काही बहुपदींना बरोबर उत्तर देतो, काहींना चूक." दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच कारणाच्या असतात. ते कारण शोधायला सगळं गणित पुन्हा करायची गरज नसते, कारण पडताळ्यात १ च्या जागी नेमकं काय आलं यावरूनच चूक कुठे आहे ते कळतं. म्हणून चुकलेला गुणाकार खोडू नका, तसाच ठेवा.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. सहगुणक ७ ने भागून उरणाऱ्या बाक्यांमधले, म्हणजे `F_7` मधले. मॉड्युलस `m = x^3 - 2`. `F_7` मध्ये `-2` म्हणजे `5`, म्हणून तो `x^3 + 5` असा लिहू. ही बहुपदी अविभाज्य आहे का, हे आधी बघायला हवं. तिची कोटी ३ आहे, त्यामुळे अवयव पडलेच तर त्यातला एक एकघाती असणार आणि बहुपदीला मूळ असणार. `F_7` मधले घन फक्त `0`, `1` आणि `6`. त्यांत `2` नाही, म्हणजे मूळ नाही, म्हणजे अविभाज्य. आता `a = 3x^2 + 2x + 1` चा व्यस्त काढायचा आहे.

पहिला भागाकार `m` ला `a` ने. `F_7` मध्ये `3` चा व्यस्त `5`, कारण `15` ला ७ ने भागून १ उरतो. म्हणून भागाकाराचं पहिलं पद `5x`. पुढे नेलं की भागाकार `5x + 6` आणि बाकी `4x + 6`. मग `a` ला `4x + 6` ने भागायचं: भागाकार `6x + 2`, बाकी `3`. आता बाकीची कोटी शून्य झाली, इथेच थांबायचं.

शेजारी `t` चा रकाना चालवायचा. तो `0` आणि `1` ने सुरू होतो, आणि पुढची प्रत्येक किंमत म्हणजे "दोन ओळी वरची वजा भागाकार गुणिले एक ओळ वरची".

```
r                 q          t
x^3 + 5           -          0
3x^2 + 2x + 1     -          1
4x + 6            5x + 6     2x + 1
3                 6x + 2     2x^2 + 4x + 6
```

वही घेऊन येणारा विद्यार्थी शेवटची `t` उचलतो, `2x^2 + 4x + 6` हे उत्तर म्हणून लिहितो आणि पडताळ्यात त्याला `3` मिळतो. त्याच्या पायऱ्या खरोखरच बरोबर असतात, फक्त शेवटची एक राहिलेली असते.

पडताळ्यात १ सोडून दुसरी संख्या आली

या तक्त्यात एक गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खरी असते: प्रत्येक ओळीत `t` गुणिले `a` हे मॉड्युलो `m` त्याच ओळीतल्या `r` एवढं असतं. पहिल्या ओळीत `0` गुणिले `a` म्हणजे `0`, आणि `m` सुद्धा मॉड्युलो `m` शून्यच. दुसऱ्या ओळीत `1` गुणिले `a` म्हणजे `a`. पुढची ओळ आधीच्या दोन ओळींमधून एकाच नियमाने तयार होते, `r` साठी आणि `t` साठी भागाकारही तोच वापरतो, म्हणून हे नातं खाली खाली जात राहतं.

शेवटच्या ओळीत `r` म्हणजे `3`. म्हणजे `t` गुणिले `a` बरोबर `3`. गुणाकारात `3` येणं ही चूक नाहीच, तक्ता तेच सांगतो आहे. आपल्याला `1` हवा, म्हणून त्या ओळीला `3` ने भागायचं, म्हणजे `5` ने गुणायचं:

`5(2x^2 + 4x + 6) = 3x^2 + 6x + 2`

पडताळा करून बघू. `(3x^2 + 2x + 1)(3x^2 + 6x + 2)` विस्तारला की ७ ने कमी करून `2x^4 + 3x^3 + 0x^2 + 3x + 2` मिळतं. आता `x^3` च्या जागी `2` आणि `x^4` च्या जागी `2x` लिहा. `4x + 6 + 3x + 2`, म्हणजे `7x + 8`, म्हणजे `1`.

हे विसरणं इतकं सर्रास का होतं? पूर्णांकांवर युक्लिड शिकताना सहमूळ संख्यांचा मसावि १ च येतो, तिथे भागायला काही उरत नाही. बहुपदींमध्ये मात्र मसावि शून्येतर स्थिर संख्येच्या पटीपुरताच ठरलेला असतो. `1`, `3`, `5` यांतलं काहीही आलं तरी अर्थ एकच, की दोन बहुपदींना सामाईक अवयव नाही. पुस्तकात "मसावि १ आहे" असं लिहिलेलं असतं ते मसाविचा अग्रपदाचा सहगुणक १ करून घेण्याच्या संकेताने. अल्गोरिदम स्वतःहून तसं करून देत नाही.

आणि दुसरं कारण म्हणजे बहुतेकांचा पहिला प्रोग्राम `F_2` वर लिहिलेला असतो. `F_2` मध्ये शून्येतर संख्या एकच, `1`. तिथे शेवटची बाकी `1` शिवाय दुसरी असूच शकत नाही, म्हणून भागायचं राहिलं तरी कोड शंभर टक्के बरोबर चालतो. तोच कोड `F_7` वर नेला की बिघडतो, आणि बिघडतो तोही अर्धवट. आपल्याच `x^3 - 2` वर किती बिघडतो हे मी एकदा मोजलं होतं. या फील्डमध्ये शून्य सोडून ३४२ घटक आहेत. शेवटी न भागणारा कोड त्यांतल्या फक्त ४३ घटकांचं उत्तर बरोबर देतो.

हा आकडा हातानेही निघतो. `a` ही नुसती संख्या असेल तर फक्त `1` ला उत्तर बरोबर येतं. `a` एकघाती असेल तर एकाच भागाकारात `m(α)` ही बाकी उरते, जिथे `α` हे `a` चं मूळ. `α^3 - 2` ची किंमत `5`, `6` किंवा `4` यांपैकीच असते, कधीच `1` नाही, म्हणून ४२ च्या ४२ एकघाती घटक चुकतात. वर्गबहुपदी २९४. त्यांतल्या ४२ अशा आहेत की पहिल्याच भागाकारात संख्या उरते, आणि तीही पुन्हा `4`, `5`, `6` पैकीच, म्हणून त्याही चुकतात. उरलेल्या २५२ मध्ये दोन भागाकार लागतात. तिथे `a` ला एखाद्या संख्येने गुणलं की शेवटची बाकीही तेवढ्याच पटीने बदलते, म्हणून बरोबर एक षष्ठांशांत ती `1` असते. ते झाले ४२, आणि सुरुवातीचा एक धरून ४३. चाचणीसाठी घेतलेली दोन-तीन उदाहरणं नेमकी या ४३ मधली निघाली तर कोड ठीक आहे असंच वाटणार. म्हणून अशा छोट्या फील्डवर सगळेच्या सगळे घटक तपासावेत, ३४२ गुणाकारांना संगणकाला काहीच वेळ लागत नाही.

संख्या आली, पण ती `-1` आहे

`F_7` मध्ये `6` आला तर एक शंका वेगळी घ्यावी लागते. शेवटी भागलं आहे, तरीही काही बहुपदींना `1` आणि काहींना `6` येत असेल, तर `t` च्या रकान्यात वजाऐवजी अधिक वापरलेलं आहे.

यात एक गंमत आहे. सगळीकडे सारखंच अधिक वापरलं तर तक्ता पूर्ण फिसकटत नाही. `t` च्या किमती फक्त एक आड एक चिन्ह बदलतात. आपल्या उदाहरणात तिसऱ्या ओळीत `2x + 1` ऐवजी `5x + 6` येतो, तो त्याचाच ऋण. पण चौथ्या ओळीत `1 + (6x + 2)(5x + 6)` काढलं की पुन्हा `2x^2 + 4x + 6` च हाती येतं. म्हणजे भागाकारांची संख्या सम असेल तर उत्तर बरोबर, विषम असेल तर ऋण. काहीजण मुद्दाम अधिकच वापरतात आणि शेवटी पायऱ्या मोजून चिन्ह लावतात. ती पद्धत चुकीची नाही, फक्त चिन्ह लावायचं विसरायचं नाही. `F_2` मध्ये अधिक आणि वजा एकच, त्यामुळे हाही दोष तिथे दिसत नाही.

पडताळ्यात संख्या नाही, अख्खी बहुपदी आली

ही सगळ्यांत त्रासाची अवस्था, कारण चूक कुठल्याही ओळीत असू शकते. पण वर सांगितलेलं नातं इथेही उपयोगी पडतं. शेवटचा पडताळा बाजूला ठेवा आणि वरून खाली एकेका ओळीचा पडताळा घ्या: या ओळीतली `t` गुणिले `a`, मॉड्युलो `m`, याच ओळीतल्या `r` एवढी येते का? जी ओळ पहिल्यांदा जुळत नाही, तीत चूक आहे. तिच्या वरचं काही तपासायची गरज नाही.

उदाहरणार्थ, कोणी फक्त एकदा वजा विसरला. तिसऱ्या ओळीत `5x + 6` लिहिलं आणि चौथ्या ओळीत मात्र नियमाप्रमाणे वजा केलं, तर शेवटची `t` होते `5x^2 + 3x + 3` आणि तिचा `a` शी गुणाकार येतो `6x^2 + 4x + 6`. या बहुपदीकडे बघून काहीच कळत नाही. पण तिसऱ्या ओळीचा पडताळा घेतला तर `(5x + 6)` गुणिले `a` म्हणजे `3x + 1` येतं आणि शेजारी `r` आहे `4x + 6`. दोन्ही एकमेकांचे ऋण आहेत. चिन्ह चुकलं हे लगेच दिसतं, आणि कुठल्या ओळीत तेही.

ओळीचा पडताळा जुळत नाही आणि चिन्हाचाही प्रश्न नाही, तर त्या ओळीचा भागाकार पुन्हा करा. `q` गुणिले भाजक अधिक बाकी बरोबर भाज्य येतो का बघा. माझ्या अनुभवात इथे एकच चूक पुन्हापुन्हा सापडते: भाजकाच्या अग्रपदाचा सहगुणक `4` असताना `4` ने भागण्याऐवजी `4` ने गुणलेलं असतं, किंवा `4` चा व्यस्त `2` आहे हे विसरून मनातल्या मनात अपूर्णांक धरलेला असतो. वहीच्या कोपऱ्यात व्यस्तांची यादी आधीच लिहून ठेवावी. `F_7` साठी ती एवढीच: `2` आणि `4` एकमेकांचे व्यस्त, `3` आणि `5` एकमेकांचे, `1` आणि `6` स्वतःचेच.

सगळ्या ओळी जुळतात तरी शेवटी बहुपदीच येते, असंही होतं. मग विचारा की उत्तर कुठल्या रकान्यातून घेतलं. पुष्कळ पुस्तकांत `m` च्या सहगुणकाचा `s` नावाचा रकानाही चालवतात. इथे त्यात शेवटी `x + 5` असतं. व्यस्तासाठी त्याचा काही उपयोग नाही, कारण मॉड्युलो `m` ते पद नाहीसं होतं. मी तर तो रकाना लिहूच नका असं सांगतो. निम्मं काम वाचतं आणि चुकीचा रकाना उचलायची शक्यताही राहत नाही.

पडताळ्यात शून्य आलं

तक्ता एक ओळ जास्त चालवला. संख्यांच्या युक्लिडमध्ये बाकी शून्य होईपर्यंत जायची सवय असते. इथे तसं केलं तर `4x + 6` ला `3` ने भागून भागाकार `6x + 2` आणि बाकी `0`. त्या ओळीची `t` काढली की येतं `2x^3 + 3`. नीट बघा, हे `m` च्या बरोबर दुप्पट आहे. ओळीचा नियम इथेही पाळला गेला, `t` गुणिले `a` बरोबर `0`. उत्तर हवं असतं त्याच्या वरच्या ओळीत.

कोटीवरूनही हे कळतं. कुठल्याही ओळीतल्या `t` ची कोटी म्हणजे `m` ची कोटी वजा एक ओळ वरच्या `r` ची कोटी. `2x^2 + 4x + 6` ची कोटी `3 - 1 = 2`, बरोबर. उत्तराची कोटी `m` च्या कोटीएवढी झाली असेल तर तुम्ही एक ओळ पुढे गेला आहात.

संख्या उरतच नाही, एकदम शून्य बाकी येते

भागाकार नीट केले, तरी `r` च्या रकान्यात कोटी १ किंवा अधिक असलेल्या बहुपदीनंतर थेट `0` आला. तक्त्याचे पडताळे जुळत असतील तर याचा अर्थ एकच: `m` आणि `a` ला सामाईक अवयव आहे. `a` शून्य नसेल आणि तिची कोटी `m` पेक्षा कमी असेल, तर `m` अविभाज्य नाही.

हाच `x^3 - 2` कोणी `F_5` वर वापरला तर नेमकं हे होतं. `3` चा घन `27`, म्हणजे `F_5` मध्ये `2`. मूळ सापडलं, `x^3 - 2 = (x + 2)(x^2 + 3x + 4)`. `x + 2` चा व्यस्त इथे असूच शकत नाही. फसवी गोष्ट अशी की १२४ शून्येतर घटकांपैकी ९६ ना व्यस्त असतोच आणि अल्गोरिदम तो बरोबर काढूनही देतो, फक्त २८ घटक अडतात. दोन-चार उदाहरणं जमली म्हणून `m` अविभाज्य आहे असं समजू नका. कोटी २ किंवा ३ असेल तर मूळ आहे का एवढं बघणं पुरतं. कोटी ४ पासून ते पुरत नाही, कारण मूळ नसतानाही दोन वर्गबहुपदींचा गुणाकार असू शकतो.

प्रोग्राममध्ये

वरचं सगळं कोडमध्ये एवढ्यात मावतं. सहगुणकांची यादी स्थिरपदापासून सुरू होते. `trim` सहगुणक ७ ने कमी करतो आणि यादीच्या शेवटची शून्यं काढतो. `mul`, `sub` आणि `divmod_poly` नावाप्रमाणे.

```python
def inverse(a, m, p=7):
    r0, r1 = trim(m), trim(a)
    t0, t1 = [], [1]
    while len(r1) > 1:
        q, r = divmod_poly(r0, r1)
        r0, r1 = r1, r
        t0, t1 = t1, sub(t0, mul(q, t1))
    if not r1:
        raise ValueError("gcd is not constant")
    k = pow(r1[0], -1, p)
    return trim([k * c for c in t1])
```

`inverse([1, 2, 3], [5, 0, 0, 1])` दिलं की `[2, 6, 3]` यायला हवं. `pow` मध्ये `-1` घात पायथन 3.8 पासून चालतो.

इथे दोन ठिकाणी अडखळायला होतं. वजाबाकीनंतर अग्रपदाचा सहगुणक शून्य झाला आणि ते शून्य यादीत राहिलं, तर कोटी चुकीची मोजली जाते आणि पुढच्या फेरीत `0` चा व्यस्त मागितला जातो. "base is not invertible" अशी तक्रार दिसली की `trim` कुठे राहिला ते बघा. आणि सी भाषेत लिहीत असाल तर `-3 % 7` ची किंमत `-3` येते, पायथनसारखी `4` नाही. ऋण सहगुणक तसेच राहिले की शून्याशी तुलना कधी जुळते, कधी नाही.

एईएसच्या फील्डमध्ये

इथे फील्ड `F_2` वरचं, त्यामुळे वरचे चिन्हाचे आणि भागायचे प्रश्न येत नाहीत. पण दुसरे दोन येतात. अमेरिकेच्या निस्टने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या FIPS 197 या मानकात मॉड्युलस `x^8 + x^4 + x^3 + x + 1` आहे. तो नऊ बिटांचा, `0x11B`. गुणाकाराच्या कोडमध्ये सगळीकडे `0x1B` दिसतो, कारण तिथे वरचा बिट सरकून बाहेर गेलेला असतो. तोच `0x1B` युक्लिडच्या पहिल्या ओळीत ठेवला की मॉड्युलसच बदलतो, आणि `x^4 + x^3 + x + 1` अविभाज्य नाही. `x = 1` ठेवा, चार पदं, बेरीज शून्य, म्हणजे `x + 1` ने भाग जातो. ज्या बाइटमध्ये १ ची संख्या सम आहे, त्या सगळ्यांनाही `x + 1` ने भाग जातो. परिणामी २५५ पैकी १५९ बाइटना व्यस्तच नाही असं कोड सांगतो. निम्म्याहून जास्त बाइट अडले तर आधी पहिली ओळ बघा.

दुसरा घोळ तुलनेत होतो. `0x53` चा व्यस्त `0xCA` आहे. पण विद्यार्थी एस-बॉक्सच्या तक्त्यात `0x53` समोर बघतात, तिथे `0xED` दिसतो, आणि चांगला चालणारा कोड दुरुस्त करायला घेतात. एस-बॉक्समध्ये व्यस्तानंतर बिटांचं आणखी एक रूपांतर होतं, शेवटी `0x63` मिळवला जातो, आणि त्यातून `0xCA` चा `0xED` होतो. व्यस्त तपासायचा असेल तर तक्त्याशी नाही, गुणाकाराशी तपासा: `0x53` गुणिले `0xCA` बरोबर `0x01`. आणि `0x00` साठी फंक्शनने त्रुटी दिली तर ते गणिताच्या दृष्टीने बरोबरच आहे. एईएसने शून्याचं चित्र शून्य असं ठरवून दिलं आहे, ती अट युक्लिडच्या बाहेर, फंक्शन बोलावण्याआधी लिहायची.